माहेरच्या नावाने पाठवलेले पैसे

कवळीकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तोंडात दात बसवले. दाताचे डॉक्टर ठसे पाठवायचे आणि काका आपल्या मागच्या खोलीत मेण, प्लास्टर नि गुलाबी हिरड्यांचा मसाला घेऊन बसायचे. पानवाल्याचं हसू, हेडमास्तरांचं हसू, सगळं त्यांच्याच हातचं. स्वतःच्या पडलेल्या दातांचं काम मात्र ते कित्येक वर्षं 'पुढच्या आठवड्यात' करणार होते.

बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी, तिला ते चिमणी म्हणायचे. लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर परदेशी गेली. जावई दिसायला देखणा, बोलायला लोणी. काका त्याला 'अहो-जाहो' करत, आणि तो फोनवर इतक्या अदबीने 'बाबा' म्हणे की काकांना उगाच अवघडल्यासारखं व्हायचं. हळूहळू चिमणीचे फोन तुटक झाले. बोलताना ती मध्येच थांबायची, कुणी खोलीत आल्यासारखी. काकांना शंका यायची आणि ते ती झटकून टाकायचे. बापाच्या जातीला हे छान जमतं.

मग एकदा तिने भलत्याच नंबरवरून फोन केला. कुठल्या तरी दुकानातून बोलत होती. "बाबा, मी निघतेय. माझ्या नावावर एक खातं आहे, त्यात तिकिटापुरते पैसे टाका. आणि या नंबरवर किंवा माझ्या नंबरवर काही विचारू नका. मीच करीन फोन." एवढं बोलून तिने बँकेचं नाव आणि खात्याचा नंबर सांगितला. रडली नाही. ती रडली असती तर काकांना थोडं हायसं वाटलं असतं.

काकांनी दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन होतं नव्हतं ते सगळं पाठवलं. कवळ्या घासून गुळगुळीत करायचं मोठं मशीन विकलं, तेसुद्धा त्यातच गेलं. पोरगी सुखरूप घरी आली की बाकीचं बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ती मात्र आली नाही, तिचा फोनही आला नाही. आला तो बँकेचा मेसेज: आपण परदेशी पाठवलेली रक्कम परत करण्यात आली आहे.

काका चपला अडकवून तसेच बँकेत पोचले. पुढच्या काउंटरवरचा तरुण म्हणाला, "प्रोसेसमध्ये आहे." हे वाक्य बँकेत बहुधा पगारासोबतच मिळत असावं. काका हलले नाहीत, तेव्हा त्याने त्यांना आत परदेशी व्यवहारांच्या टेबलाकडे पाठवलं. तिथे चष्म्यातल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या सासऱ्यांची कवळी काकांनीच केलेली, त्यामुळे त्यांनी खुर्ची दिली.

"परत का आले, मॅडम? आणि माझ्या खात्यात कधी जमा होतील?"

"काका, तिकडच्या बँकेने परत पाठवलेत. कारण एवढंच लिहिलंय, नाव आणि खातं जुळत नाही. मी त्यांना सविस्तर विचारते. आणि पैसे इथून थेट तिथे जात नाहीत, मधे आणखी एक बँक असते. येतानाही त्याच वाटेने येतात. आमच्याकडे पोचले, आमची पडताळणी झाली, की तुमच्या खात्यात जमा. थोडे दिवस लागतील. मधल्या बँकेचे चार्जेस कापले जातील आणि चलनाचा दर त्या दिवशीचा लागेल. म्हणजे पाठवले तेवढेच मिळणार नाहीत."

"मिळतील तेवढे चालतील. पण नाव कसं जुळत नाही? माझ्याच मुलीचं नाव ते!"

बाईंनी काकांनी भरलेला अर्ज स्क्रीनवर काढला आणि त्यांच्याकडे वळवला. काकांनी आपलंच अक्षर वाचलं. लेकीचं नाव, पुढे आपलं स्वतःचं नाव आणि आपलं आडनाव. शाळेच्या दाखल्यावर जसं लिहिलं होतं अगदी तसं. तिच्या लग्नाला वर्षं झाली होती, पण काकांच्या हाताला ते अजून कुणी कळवलं नव्हतं.

"खातं सासरच्या नावाने असणार, काका. खूप जणांचं होतं असं," बाई म्हणाल्या. "पैसे जमा झाले की बरोबर नावाने पुन्हा पाठवू."

काकांना मनापासून हायसं वाटलं. आडनावाचा घोळ, बस्स! घरी येताना त्यांनी स्वतःला दोन-चार शिव्याही हासडल्या. पण झोप येईना. चिमणीने फोन का केला नाही? पैसे आले नाहीत हे तिला कळलंच असेल. मग तिने विचारलं का नाही?

दोन दिवसांनी बाईंनी बोलावून घेतलं. त्या दिवशी त्यांनी काकांना आधी पाणी दिलं. काकांनी ते तसंच बाजूला ठेवलं.

"उत्तर आलंय," त्या म्हणाल्या. "नाव जुळेना म्हणून त्या बँकेने लगेच पैसे परत केले नव्हते. खात्यावर जो फोन नोंदवलाय त्यावर त्यांनी चौकशी केली. अमक्या नावाच्या माणसाकडून इतकी रक्कम आलीय, ती तुमचीच का, असं विचारलं. तिकडून उत्तर मिळालं, ही रक्कम माझी नाही, परत पाठवा."

"कोणी दिलं उत्तर?"

"त्यांनी 'खातेदार' असं लिहिलंय."

"ती असं म्हणणारच नाही हो. तिनेच मागितले होते."

बाईंनी हळूच विचारलं, "काका, तिचा तिथला फोन कुणाच्या नावावर आहे?"

काकांना ते माहीत होतं. फोन जावयाने घेऊन दिला होता, बिल तोच भरायचा, आणि कौतुकाने सांगायचा, "बाबा, तिला काही बघावं लागत नाही, सगळं मीच बघतो." आता बँकेने त्याच फोनवर जावयालाच सगळं वाचून दाखवलं होतं: पाठवणाऱ्याचं नाव, रक्कम, आणि बायकोचं स्वतःचं खातं आहे हेसुद्धा. बरोबर आडनाव लिहिलं असतं तर पैसे गुपचूप जमा झाले असते आणि कुणी कुणाला काही विचारलं नसतं. आडनाव चुकवलं ते काकांच्याच हातांनी. ज्या हातांनी केसाएवढाही फरक कधी राहू दिला नाही, ते हात.

त्यांनी तिथेच, त्या टेबलाशी बसून लेकीचा नंबर लावला. आता लपवायचं काय उरलं होतं?

फोन जावयाने उचलला. "बोला बाबा! तुमचीच आठवण काढत होतो. पैसे पोचले का परत? उगाच कशाला त्रास घेतलात तुम्ही? आम्हाला काय कमी आहे?"

"चिमणीला द्या जरा."

"ती झोपलीय, बाबा."

तिथे या वेळी भर दुपार असते. चिमणी लहानपणी तापातसुद्धा दुपारी झोपायची नाही.

"तिला उठव," काका म्हणाले. जावयाशी ते आयुष्यात पहिल्यांदा एकेरीत बोलले होते. "तिला फोन दे. आत्ता दे."

"बाबा, तुम्ही थकलाय. आराम करा," जावई त्याच अदबीने म्हणाला. "आणि आता ती फोनवर फारशी बोलणार नाही. आमचं ठरलंय तसं." फोन बंद झाला. काकांनी पुन्हा लावला, तर लागलाच नाही.

"पोरी," काका बाईंना म्हणाले, मॅडम म्हणायचं त्यांना सुचलंच नाही, "ते पैसे आज दे मला. कापून दे, अर्धे दे. मला तिकीट काढायचंय. मीच जातो."

बाईंनी पुन्हा एकदा स्क्रीन बघितला, जरी त्यावर काय आहे ते त्यांना पाठ होतं. "काका, तुमचे पैसे अजून मधल्या बँकेतच आहेत. आमच्याकडे आल्याशिवाय मला एक पैसाही देता येत नाही. पण तिथल्या पोलिसांचा नंबर आपण आत्ता शोधू. तिचा पत्ता सांगा मला."

त्यांनी पेन उचललं आणि वाट बघत राहिल्या. काकांनी तोंड उघडलं. घराचा पत्ता त्यांनी कधी विचारलाच नव्हता. सगळं जावईच बघत होता.