आतून पिवळं झालेलं पातेलं

धाकटी बहीण बाळंतपणासाठी लोणावळ्याजवळच्या भाजे गावी आमच्याकडे आली, तेव्हा तिला सातवा सरत आला होता. चिंचेच्या आमटीशिवाय तिला काही गोड लागेना. आईने लगेच फळीवरचं पितळी पातेलं खाली काढलं. ते आजीचं, वर्षानुवर्षं धूळ खात पडलेलं. आई डोंगरातल्या वाडीची, तिच्या माहेरी मातीची नाहीतर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी. पण लोणावळ्याला येणारे पाहुणे पितळेतलं जेवण मागून खातात, ते अंगी लागतं, हे तिच्या कानावर आलं होतं. मग पोटुश्या लेकीला ते नको?

पातेलं आतून पांढुरकं होतं, मधूनमधून काळपट. आईला ती घाण वाटली. चिंच, राख आणि वाळू घेऊन ती घासायला बसली. रोज आमटी झाली की घासायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"अगं, भांडं घासतेस का झिजवतेस?" मी चिडून म्हणायचे. तो खरखराट माझ्या डोक्यात जायचा.

"माज्या लेकीला सोन्यात रांधून घालते," ती म्हणायची. हळूहळू पातेलं आतूनही बाहेरच्यासारखं पिवळंधमक झालं आणि आई खूश झाली.

पावसाळा भर रंगात होता. धुकं भरदिवसा घरात शिरायचं, समोरचं माणूस नुसतं आवाजाने ओळखायचं. बहीण उंबऱ्याशी बसून वाटीभर आमटी प्यायची, मग परसात जाऊन ओकायची आणि परत येऊन वाटी पुढे करायची. "नाणं चोखल्यावानी लागतंय," ती म्हणायची, आणि तरी मागायची. मला तिची भीती वाटायला लागली होती. पोटुशी बाई ओकणारच, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आईने तिच्यावरून मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. कुणालाच ठसका लागला नाही. मिरच्या जळाल्या आणि घरात वासही आला नाही. आई पांढरीफटक पडली. ठसका नाही म्हणजे दृष्ट जबर. दृष्ट-बिष्ट मी मानत नाही, पण त्या दिवशी मीही दाराला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण पोटावर हात ठेवून बसली होती. चेहरा सुकलेला, ओठ कोरडे. "ताई, रातीपास्नं हललं न्हाई गं," ती म्हणाली. मी तिचं पोट धरून बसले. खरंच काही जाणवेना.

तेवढ्यात परसातून ओकण्याचा आवाज आला. बहीण तर माझ्यासमोर होती. मी धुक्यात डोळे ताणून पाहिलं, तर आमचे वडील, आबा, भिंत धरून वाकलेले. आबांना काही दिवस गेले नव्हते. कालची उरलेली आमटी टाकवेना म्हणून त्यांनी भातावर ओतून घेतली होती. दृष्टीच्या धास्तीत आईने काल पातेलं घासलंच नव्हतं, आमटी रात्रभर त्यातच होती.

मी पातेलं दाराच्या उजेडात आणलं. तळाशी आमटी उरली होती आणि तिच्या वर, कडेने, हिरवट कड धरली होती. बोट लावलं तर बोटावर आलं. मग मला लहानपणी लोणावळ्याच्या बाजारात पाहिलेला कल्हईवाला आठवला. भांडं तापवून, नवसागर टाकून तो कापसाने कथील फिरवायचा आणि आत चांदीसारखं पांढरं व्हायचं. आई रोज घासून काढत होती ती घाण नव्हती. आंबटापासून जपणारी कल्हई होती.

शेजारच्यांच्या जीपने मी दोघांना लोणावळ्याला दवाखान्यात नेलं. आई म्हशीपाशी मागे राहिली. डॉक्टरांनी आधी बाळाचे ठोके ऐकले. ते यंत्र पोटावर फिरत होतं तोवर मी श्वास घेतला नाही. ठोके नीट होते. पातेल्याचं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, पितळेतलं तांबं आंबटात उतरलं, त्याने उलट्या झाल्या आणि अंगातलं पाणी कमी झालं. दोघांना सलाईन लागलं.

मी आईला फोन केला. "आये, ते पातेलं वतून टाक. त्यातनंच विष गेलंय तिच्या पोटात." पुढे बाळ ठीक आहे म्हणणार, तर फोन मध्येच कट झाला. मग लागेचना.

बहिणीचे कपडे आणायला मी दुपारी घरी आले. धुक्याने घर दिवेलागणीसारखं अंधारलेलं. चूल विझलेली. आई जमिनीवर बसली होती, पातेलं मांडीत, हातात पळी. ओठांच्या कडेला आमटीचा ओघळ. पातेलं रिकामं होतं.

"अगं, काय केलंस हे?" मी पळी ओढली. ती सोडेना.

"म्याच पाजलं तिला," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "प्वॉर हलतंय का?"

"हलतंय, आये. ठोके ऐकले म्या. समदं बरं हाय."

तिने पळी सोडली. मग भिंत धरत परसात गेली आणि वाकली.