मेणाच्या रंगातलं चित्र

मराठी तिसरीतूनच मी शाळेला रामराम ठोकला. पण मेहकरात दुकानावरच्या पाट्या कोणाच्या, तर माझ्या. फोटोवरून मोठी तसबीरही रंगवायचो. हातात कला आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, आणि कोणी सांगितलेलं मला खपतही नव्हतं.

वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या कारभाराला जोडलेलं. तहसिलीतले एक कारकून दुपारचे दुकानात आले आणि पुठ्ठ्यात धरलेला कागद त्यांनी पुढे ठेवला. त्यांची मुलगी सहा वर्षांची, तापात गेली होती. नागपुराहून आणलेल्या मेणाच्या खडूंनी तिनं हे एकच चित्र पुरं केलं होतं. तिची आई रोज त्यावर हात फिरवायची, त्यामुळे रंग बोटांना लागून चालला होता.

"नीट तैलरंगात करून द्या," ते म्हणाले. "भिंतीवर राहील असं."

चित्रात आई घरापेक्षा उंच, बाप तिच्या गुडघ्याएवढा. गाय कुंपणाच्या वर अधांतरी. मुलीचा हात दोरासारखा लांब, आईपर्यंत गेलेला. मी मनात हसलो आणि सगळं दुरुस्त केलं. घर मोठं, बापाला कोट, गाय जमिनीवर, मुलीचा हात बेताचा. रंगही माझ्या पसंतीचे दिले.

कारकून बराच वेळ बघत राहिले. "सुंदर आहे, पेंटर. पण ही माणसं आमच्या घरातली नाहीत."

मला राग आला. शेजारी तसबिरींना चौकटी करणारे एक मुसलमान म्हातारे होते, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. ते खिळे ठोकता ठोकता म्हणाले, "पोरीनं काढलेलं तुले सुधरवाले कोणी सांगतलं बे? रेघ तिची ठेव. फक्त रंग पक्का कर."

म्हटलं, ठीक. रेघ न् रेघ उतरवतो. आमच्या धंद्यात एक युक्ती होती. चित्रावर कोरा कागद ठेवायचा, वरून घासलेटचा बोळा फिरवायचा. कागद काचेसारखा होतो, खालचं दिसतं, पेन्सिलीनं गिरवायचं. मग उन्हात टाकलं की घासलेट उडून जातं.

मी बोळा फिरवताच चाचा ओरडले, "अबे, मेण हाय ते! घासलेट काऊन लावून राह्यला?"

"चाचा, तुम्ही चौकटी ठोका. मले माझं काम समजते."

"समजते तर कर. मंग रडू नको."

पेन्सिल हातात घेतली होती, पण डोकं तापलं होतं. कागद हलू नये म्हणून वर काच ठेवली आणि जेवायला निघून गेलो. परत येऊन काच उचलली, तर लाल, निळा, पिवळा एकमेकांत उतरून सगळा गढूळ चिखल झालेला. आई नाही, घर नाही.

चाचा जवळ आले, बघितलं आणि परत जाऊन खिळे ठोकू लागले.

पोरीचा कागद वाळल्यावर तो उलटा केला. पोरीनं खडू दाबून चालवले होते, मागे रेघा उठून आल्या होत्या. कोळशाची पूड बोटानं हलकेच चोळली. रेघा एकेक काळ्या झाल्या, पण उलट्या. काचेवर उजेडाला धरून त्या दुसऱ्या कागदावर सुलट्या गिरवल्या. लांब हात आला, अधांतरी गाय आली. रंग मात्र कुठून येणार? पहिल्या वेळी मी दुरुस्तीच्या नादात होतो, तिचे रंग नीट बघितलेच नव्हते.

मग तो चिखल झालेला कागद घेऊन कारकुनांच्या घरी गेलो. आयुष्यात कोणापुढे मान खाली घातली नव्हती. "बाई, चूक माझी हाय," म्हणालो आणि कागद पुढे धरला.

बाईंनी तो घेतला. रडल्या नाहीत. वास घेतला, तर घासलेटचा. मग भिंतीला टेकून एकेक सांगू लागल्या. "गाय निळी. घर पिवळं, पण छप्पर तिनं अर्धंच भरलं होतं. माझं लुगडं तांबडं, रंग रेघेबाहेर गेलेला. ह्यांची टोपी हिरवी." मी तसं तसं लिहून घेतलं, वेड्यावाकड्या अक्षरात.

"आणि पोरीचा झगा?"

बाईंनी कारकुनांकडे बघितलं. त्यांनीही नाही म्हणून मान हलवली.

"रोज हात फिरवत होते मी त्याच्यावरून," त्या म्हणाल्या. "मला आठवत कसं नाही?"

म्हणालो, "बाई, गुलाबी देऊ का? पोरींले शोभते."

"नको. तुमचा रंग नको."

कापडावर तैलरंगात चित्र केलं. वाकडी रेघ वाकडीच ठेवली, खडू जिथं सुटला तिथं पांढरं सोडलं, अर्धं छप्पर अर्धंच. चाचांनी सागाची चौकट दिली. झग्याच्या जागी नुसती रेघ, आत कोरं कापड.

पुढे कारकुनांची बदली झाली. जाताना बाईंनी चित्र बैलगाडीत सामानावर ठेवू दिलं नाही, मांडीवर धरून बसल्या. गाडी हलली तेव्हा त्यांचा अंगठा त्या कोऱ्या जागेवर होता.