बिलासोबतची चिठ्ठी

आमच्या गल्लीतला फोटोवाला लग्नाचं काम ठरलं की आगाऊ रकमेच्या बिलासोबत आभाराची चिठ्ठी हातानं लिहून पाठवायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडचं एखादं वाक्य तीत घालायचंच, ही त्याची खोड. अशानं माणूस बांधला जातो, असं त्याला वाटे.

एका नव्या गिऱ्हाइकाला, नवऱ्या मुलीच्या बापाला, त्यानं लिहिलं, "मेहुण्यानं काढलेल्या फोटोंत माणसं मढ्यासारखी दिसतात म्हणालात आणि आमच्यावर भरवसा टाकलात. आभारी आहे."

पाकीट नेमकं मेहुण्यानंच फोडलं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप स्टुडिओत येऊन उभा राहिला. "घरातलं बोलणं कागदावर उतरवतोस होय रे? बायको माझ्याशी बोलत नाही. मेहुणा लग्नालाच येत नाही म्हणतो."

"बोललात तुम्ही. मी नुसतं लिहिलं."

"मग आता लिही, की मी असं बोललोच नव्हतो, तूच मनानं घातलंस."

"म्हणजे तुमची घाण मी माझ्या तोंडाला फासू?"

"नाहीतर काम गेलं समज."

फोटोवाल्यानं वही ओढली आणि त्याच्यादेखत लग्नाची तारीख खोडली. "जा, मेहुण्याचे पाय धरा. कॅमेरा त्याच्याकडंही आहे."