खात्यावर होडीचं नाव

भरती-ओहोटीची वेळ बोलून सांगणारं ॲप मी बोईसरच्या खोलीत बसून केलं, पण त्यातला आवाज माझ्या मावशीचा. ती केळव्याकडची, मासळी विकणारी, घरची होडी असलेली. ॲपला नावही तिच्या होडीचंच दिलं. आणि निम्मे पैसे तुझे, असं मोठ्या ऐटीत सांगून टाकलं.

पहिल्या महिन्याचा आकडा मोबाइलवर बघून तिने नवीन जाळं ठरवलं. मासेमारीची बंदी उठायच्या आत ते हवं होतं. मीच म्हणालो, घे, पुढच्या महिन्याच्या मध्यावर पैसे खात्यात. माझ्या शब्दावर दुकानदाराने जाळं बाजूला काढून ठेवलं.

पैसे आले नाहीत. मी ॲप विकणाऱ्या स्टोअरवाल्यांच्या नावाने बोटं मोडली. तोंड चालवायला मला काय लागतं? लुटारू आहेत लेकाचे, असं मावशीलाही ऐकवलं. त्यांचे मेल येत होते, ते मात्र उघडलेसुद्धा नव्हते.

शेवटी पालघरच्या कर सल्लागार बाईंकडे गेलो. त्यांनी मोबाइल हातात घेतला.

"हा आकडा विक्रीचा आहे, तुमच्या कमाईचा नाही. यातून स्टोअरचं कमिशन जाणार. त्यांच्या लहान विक्रेत्यांच्या योजनेत नोंदणी केलीत म्हणून पंधरा टक्के, नाहीतर तीस. टीडीएस कापतील तो वेगळा, रिटर्न भरताना तो हिशेबात धरता येतो. आणि हे कायदेशीर नावाच्या रकान्यात काय लिहिलंय?"

"होडीचं नाव."

"पॅनवर होडी आहे का? बँकेत? नावं जुळली नाहीत म्हणून पैसे अडवलेत. तसं त्यांनी कळवलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाव बदलून पॅनची प्रत पाठवली, पण पडताळणी होईपर्यंत त्या महिन्याची तारीख गेली. पैसे आता पुढच्या महिन्यात, तेही कापून. बंदी त्याच्या आधी उठणार होती.

मावशीला फोनवर एवढंच म्हणालो, अजून उशीर आहे. ती मला घेऊनच दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक आलंय, किती थांबू?

"दे त्याला," मावशी म्हणाली. "पण आमच्या पोराला बोल नको लावू. तो खोटा नाय. त्या कंपनीवाल्यांनी लुबाडलाय त्याला. आमी जुनं जाळं सांधू."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. आजही ते आठवलं की अंगावर पाल पडल्यागत होतं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी सगळं सांगितलं. कुणी लुबाडलं नाही, नाव मीच चुकीचं टाकलं, आकडाही मला नीट वाचता आला नव्हता. ती चालत राहिली. मग म्हणाली, "ह्ये तिथं बोलायचं होतंस. मी आता कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्याकडं?"