गावदेवीच्या बाजूचा पत्रा

आमचे सासरे धाकूमामा कोपरी गावातले कौलांच्या कामाचे नावाजलेले कारागीर. वैशाख लागला की अर्ध्या कोपरीची कौलं त्यांच्या हातून फुटकी बदलून, चाळून व्हायची आणि त्यांचं स्वतःचं घर सगळ्यांत शेवटी. तोंडाने फटकळ, पण मनाने खोबरं.

त्रेपन्न साली मी नोकरी सोडून लोखंड कातायचा स्वतःचा लेथ घ्यायचा ठरवला. मामांच्याच परसात शेड उभी करायची होती आणि तिच्यावर पत्रे. लेथवर पाणी टपकलं की तो गंजणार, आणि त्याच्यावर मी, बायको शालू आणि दोन लेकरं जगणार. पत्र्यांची माहिती असलेला माणूस आणू, असं मी म्हटलं मात्र, मामा उखडले.

"जावईबापू, सारी कोपरी मीच झाकली. लेकीचं छप्पर दुसरा घालील?"

काम मामांनीच घेतलं.

खरं सांगायचं तर माणूस शिकायला तयार होता. पत्र्याच्या दुकानात दिवसभर बसून मामांनी दुकानदाराला भंडावून सोडलं. लाकूड वाचवायला मी आडवे वासे सहा-सहा फुटांवर टाकू म्हणालो. त्यांनी दोन वाशांवर एक पत्रा ठेवला, मधोमध पाय दिला. पत्रा पापडासारखा वाकला. मग पावणेचार फुटांवर वासे पडले. आठ फुटी पत्र्याला खाली, मध्ये आणि वर असा तीन जागी आधार मिळाला, आणि वरचा पत्रा खालच्यावर अर्धा फूट चढला तो बरोबर वाशावर. स्क्रू मी पन्हाळी पत्र्याच्या खोलगटात मारायला निघालो होतो, कारण तिथे पत्रा लाकडाला टेकतो. मामांनी हात धरला.

"पानी कुठून वाहतं? तळातून. तिथंच भोक पाडशील तर नळ कशाला पायजे?"

स्क्रू पन्हाळीच्या माथ्यावर बसले, प्रत्येकाखाली डांबरी चकती. पिळायचेही बेताने, जास्त आवळलं की चकती चेपते आणि माथा बसतो. शेजारच्या पत्र्यावर दीड पन्हाळ चढवली. दक्षिणेचा उतार झाकून झाला. मामांनी आढ्यावरून बादल्या ओतल्या, खाली थेंब नाही. मिशीला पीळ पडला.

तेवढ्यात सासूबाई आल्या. ठमाबाई. जन्म मिठागरात गेलेला, वारा कुठून येतो ते त्यांना झोपेतही कळायचं.

"पाऊस काय बादलीनं वरून सरळ पडतो?" असं म्हणत त्या पश्चिमेच्या टोकाला शिडीवर चढल्या आणि पत्र्यांवर आडवं, जोरात पाणी फेकलं. मी आत उभा होतो. दोन पत्र्यांच्या जोडातून पाण्याची धार आली ती थेट माझ्या मानेवर.

मामांचा चेहरा उतरला. चूक कुठे झाली ते त्यांनाच आधी कळलं. आमच्याकडे छप्पर गावदेवीच्या बाजूने सुरू करायचं, ही पिढीजात रीत. देवी पश्चिमेला, म्हणून पत्रेही तिथूनच सुरू केलेले. कौलांना त्याने फरक पडला नाही. पण पत्रे पश्चिमेकडून घातले की प्रत्येक पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि त्याची उघडी कड पावसाळी वाऱ्याच्या तोंडाला येते. वारा पाण्याला सरळ आत ढकलतो.

"राहू द्या मामा, जोडांना डांबर लावू," मी म्हणालो.

"डांबर एक उन्हाळा टिकंल. लेथ कवापर्यंत चालवायचाय?"

त्यांनी सगळे पत्रे उतरवले. पूर्वेकडून पुन्हा सुरुवात. जुन्या भोकांतही चकत्या घालून स्क्रू पिळले. उतार पुरा होत आला तेव्हा पश्चिमेच्या टोकाचा शेवटचा पत्रा हातात धरून ते थांबले.

"देवीच्या बाजूचा पयला ठेवायचो, आता शेवटचा. पन सगळ्यांच्या वर तिचाच ऱ्हाईल." आणि हात जोडून त्यांनी तो चढवला. उत्तरेचा उतारही तसाच झाला, आणि या सगळ्यात वैशाख कधी सरला ते कळलंच नाही.

आषाढात एका दुपारी वारा असा सुटला की परसातला शेवगा मोडला. मी जोडाजोडाखाली हात धरून फिरलो. हात कोरडा. लेथही कोरडा. ही बातमी सांगायला डोक्यावर पोतं घेऊन मामांच्या घरात धावलो.

दारातच टोपात पाय पडला. पुढे परात, चुलीपाशी हंडा, आणि प्रत्येकात वरून टपटप. मामा कोपऱ्यात खाट सरकवून त्यावर बसले होते. त्यांच्या घराची कौलं त्या साली चाळायचीच राहिली होती, आणि दहा पावलांवर असून मला त्याचा पत्ता नव्हता.

"शेडीत पानी?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. थेंब नाही."

"बरं झालं," म्हणत ते परात सरकवू लागले. माझं तोंड बघून ठमाबाई हसल्या. "बस तिथं कोरड्यात. लेथ गंजतो रं, आमी काय गंजत नाय."