काकूंना येत नव्हतं तोवर

आमच्या प्रकाशनात सगळ्यात मोलाचं माणूस म्हणजे ढ काकू. मी संपादक, मालक मालक, हिशेबनीस हिशेबनीस. आम्हाला बदली माणूस मिळाला असता. ढ काकूंना बदली मिळणं कठीण होतं, कारण त्यांना जे येत नव्हतं ते इतक्या नेटानं न येणारं दुसरं कुणी आम्हाला माहीत नव्हतं.

रोजचा स्वयंपाक त्या झक्क करायच्या. घोडं अडायचं ते ओव्हन आणि बरणीपाशी. केक, ब्रेड, जॅम, व्हिनेगरमधली काकडी, यातलं काहीही हातात घेतलं की त्यांची पार दाणादाण. आम्ही छापतो नवशिक्यांसाठी बेकिंगची आणि पदार्थ टिकवण्याची पुस्तकं. एक दिवस काकू आमचं पुस्तक आणि एक ब्रेड घेऊन जिना चढून वर आल्या आणि दोन्ही वस्तू मालकांच्या टेबलावर आपटल्या. पुस्तकाचा आवाज कमी आला.

"यात लिहिलंय, पीठ उबदार जागी झाकून ठेवा. मी अंथरुणात ठेवलं, पांघरूण घातलं. वर आमचे हे येऊन बसले."

मालकांना हसू आवरेना. काकूंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"हसताय काय? उबदार म्हणजे कुठे, ते लिहायला शाई संपली होती का?"

मालक हसायचे थांबले. त्यांनी काकूंना खुर्ची दिली, चहा दिला आणि चहा संपायच्या आत नोकरी दिली. पानावर लिहिलंय ते घरच्या ओव्हनमध्ये जसंच्या तसं करायचं. कुणाला विचारायचं नाही, फोनवर बघायचं नाही, आपलं डोकं चालवायचं नाही. जिथे अडेल तिथे लाल पेनानं लिहायचं. "डोकं न चालवण्याचा पगार," असं काकू सगळ्यांना सांगायच्या, आणि ढ हे नावही त्यांनी स्वतःच लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपण कशात तरी पहिल्या आलो, असं त्या म्हणायच्या, आणि ते त्या गमतीनं म्हणत नसत.

त्यांचा ओव्हन अगदी साधा, ओट्याच्या कोपऱ्यात बसणारा. वर एक तापणारी कांडी, खाली एक कांडी, दोन गोल बटणं आणि एक टायमर, जो वाजला की शेजारच्या घरातली माणसं दार उघडायला जात. आमच्या वाचकांकडे असाच असतो. म्हणून काकूंचा लाल शेरा आला की मोठमोठ्या लेखकांनाही वाक्य बदलावं लागे. "मऊसर म्हणजे? माझ्या गालाइतकं की यांच्या पोटाइतकं?" "सोनेरी रंग म्हणता. माझ्या ओव्हनचा दिवा गेलाय, सगळंच काळं दिसतं." एका शेफनं चिडून फोन केला होता की या बाईंना अक्कल आहे का. मालक शांतपणे म्हणाले, "नाही. म्हणूनच ठेवलंय."

अशी बरीच वर्षं गेली, आणि मग ते पुस्तक आलं. घरी फक्त साधा ओव्हन असणाऱ्यांसाठी अर्धं बेकिंगचं, अर्धं जॅम-लोणच्यांचं. लिहिणाऱ्या बाईंचे बेकिंगचे वर्ग तुफान चालत. हात तरबेज, पण तरबेज हातांची एक खोड असते, ते जे करतात ते त्यांच्या जिभेला ठाऊक नसतं. मी धसका घेतला होता की काकू लाल शाईची दौत ओततील. झालं उलटंच. पानामागून पान कोरं परत येऊ लागलं. "पास." "पास." "छान झालं, पास." लेखिकाबाई खूश, मालक खूश, मीही खूश. सोमवारी छपाई सुरू होणार होती. शेवटची दोन पानं तेवढी राहिली होती, साधा स्पंज केक आणि प्लमचा जॅम. शनिवारी दुपारी ती घ्यायला मी काकूंच्या घरी गेले.

काका टेबलाशी बसून पेन्सिलींना टोक करत होते. विजेचे मीटर वाचण्याची नोकरी त्यांनी आयुष्यभर केली. आकडा दिसतो तसा लिहायचा, मनचं काही मिळवायचं नाही, ही त्यांची उभ्या जन्माची शिस्त.

केक ओव्हनमध्ये होता, शेगडीवर जॅम रटरटत होता. काकू माझ्याशी बोलत होत्या, पुतणीच्या लग्नातल्या भांडणाची हकिकत चालली होती. बोलता बोलता त्यांनी ओव्हनचं दार उघडलं, फडक्यानं टिन धरून अर्धा फिरवला, दार लावलं आणि बटण किंचित मागे सरकवलं. भांडण मात्र जराही थांबलं नाही.

मी पान उचललं. त्यावर इतकंच होतं, एकशे ऐंशीला आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये तीस मिनिटं.

"काकू, टिन फिरवायचं कुठे लिहिलंय?"

"कुठला टिन?"

"आत्ता फिरवलात तो."

"मी? छे गं." त्यांनी काकांकडे बघितलं. "अहो, मी फिरवला?"

"फिरवलास," काका म्हणाले. "नेहमी फिरवतेस. मागची डावी बाजू जास्त तापते म्हणून."

मग मी बघतच राहिले. टिनखालची जाळी ओव्हनच्या मधल्या खाचेत होती. पानावर खाचेचा उल्लेख नव्हता. जॅमच्या पानावर लिहिलं होतं, प्लम, साखर आणि लिंबाचा रस एकत्र शिजवा. साखरेची वाटी अजून भरलेलीच ओट्यावर होती. काकू प्लम थोड्या पाण्यात शिजवून सालं मऊ व्हायची वाट बघत होत्या. धुतलेल्या काचेच्या बरण्या ताटात तयार होत्या, केक निघाला की मंद ओव्हनमध्ये तापायला जाणार होत्या. पानावर बरण्यांबद्दल एक शब्द होता: भरा.

मी पान ओट्यावर ठेवलं. ही दोन पानं गेली खड्ड्यात, पण पास झालेली बाकी सगळी पानं? त्यातलं किती पानावर होतं आणि किती काकूंच्या हातात होतं? उद्या कुणीतरी नवशिकी आमच्यावर विश्वास ठेवून उकळता जॅम गार बरणीत ओतणार आणि बरणी तडकणार, तीही हातात.

हे काकूंना कसं सांगायचं ते मला सुचेना. गॅस बारीक करून त्याच म्हणाल्या, "बोल गं. तोंड बघवत नाही तुझं."

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही पटत मला. मी पान वाचूनच करते. अहो, उठा. तुम्ही करा."

"मी?" काका म्हणाले. "मला चहापलीकडे काही येत नाही."

"तेच हवंय. आणि मी एक अक्षर बोलणार नाही."

काकूंचा केक निघाला, तो गार व्हायला दुसऱ्या जाळीवर ठेवला. त्यांचा जॅम त्यांनी दुसऱ्या शेगडीवर सरकवला आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. काकांनी चष्मा लावला आणि मीटर वाचावा तसं पान वाचलं. पीठ ग्रॅमवर तोललं, अंडी सांगितली तितकी. काकूंचा केक काढताना बाहेर आलेली ओव्हनची जाळी त्यांनी पहिली दिसली त्या, वरच्या खाचेत सरकवली. पानावर काही नव्हतं, काकांनी टिन तिथेच ठेवला. काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. काकांनी उरलेले प्लम, डब्यातून नव्यानं तोललेली सगळी साखर, रस एकदम दुसऱ्या पातेल्यात टाकला. काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं मला लागत होती.

टायमर वाजला. तीस म्हणजे तीस. केक वरून काळा, डावीकडे जास्तच, मधे सुरी घातली तर ओलं पीठ. जॅम घट्ट झाला होता, पण चमच्यावर घेतला तर सालं चामड्यासारखी. सालं मऊ व्हायच्या आत साखर पडली की ती पुढे मऊ होतच नाहीत. आणि हे वाक्य पानावर नव्हतं. काकांनी नळाखाली गार पाण्यानं बरणी विसळली, डाव्या हातात धरली, उजव्या हातात उकळत्या जॅमचा डाव.

"थांबा," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरला.

"नियम मोडलास," काका म्हणाले.

"मोडला."

डाव पातेल्यात परत गेला. मी तिथूनच मालकांना फोन केला आणि छपाई थांबवायला सांगितली. ते आधी ओरडले, मग म्हणाले, पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा तपासायचं. कोण तपासणार, ते त्यांनी विचारलं नाही. मी काकांकडे बघत होते, त्यांनी लाल पेन उचललं होतं आणि स्वच्छ अक्षरात लिहीत होते: "खाच कोणती? बरणी गार की गरम? साल का चिवट?"

काकूंनी ते वाचलं. खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे मी नापास."

"तुम्हाला येतं आता, काकू," मी म्हणाले. "केव्हापासून येतंय कोण जाणे."

"येऊन काय करू?" त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "इतकी वर्षं येत नव्हतं तर तुम्हाला हवी होते."

त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि ते ऐकून मला माझी लाज वाटली. पुस्तक चांगलं व्हावं म्हणून आम्ही त्यांचं न येणं जपलं होतं, येऊ लागलेलं कुणी बघितलंच नव्हतं. मालकांनीही नाही, मीही नाही, त्यांनी स्वतःही नाही.

काका उठले. जाळीवरचा काकूंचा केक त्यांनी कापला, तीन बशा काढल्या. रंग सगळीकडे सारखा, कापताना बोटाखाली उसळी घेणारा. काकूंनी सवयीनं पहिला घास घेतला, डोळे बारीक करून, पानातली चूक शोधायला. चावत राहिल्या. दुसरा घास घेतला.

"पास?" काकांनी विचारलं.

काकूंनी बशी खाली ठेवली. उठून ओव्हन मंद केला, बरण्या आत तापायला ठेवल्या आणि आपल्या पातेल्यातल्या मऊ झालेल्या प्लमवर साखर ओतली. ढवळत, आमच्याकडे पाठ करून म्हणाल्या, "केक मी चांगला केलाय."