मूळ मिळकत आणि सदर मिळकत

आमच्या घरी रात्रीचं जेवण वाढण्याआधी पत्रकांच्या घड्या घालून व्हायच्या. बाबा अमरावतीतल्या एका छोट्या छापखान्यातून गठ्ठे आणायचे. कधी सफाई कामगारांच्या संपाचं पत्रक, कधी नळाच्या पाण्याचं, कधी शाळेच्या वाढवलेल्या फीचं. अक्षरओळख मला पुस्तकातून झाली नाही, या गुलाबी-पिवळ्या कागदांवरून झाली. बाबांचा एक नियम होता: एका पत्रकात एका गोष्टीला एकच नाव. पहिल्या ओळीत 'मालक' लिहिलं तर शेवटच्या ओळीत 'व्यवस्थापन' लिहायचं नाही. नाव बदललं की वाचणाऱ्याला माणूसच बदलल्यासारखा वाटतो, असं ते म्हणत.

हा नियम घेऊन मी अकोल्याला कोर्टाजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात कामाला लागले. इंग्रजी कागदांचे मराठी अनुवाद तिथे होत. मला वाटलं होतं, अनुवाद मी करीन. पण अनुवाद करायला तो होता.

तो माझ्याच वयाचा. शाळा उर्दूतून झालेली. आजोबा तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे दस्त लिहून देत, त्यामुळे 'लिहून देणार', 'चतुःसीमा', 'तोशीस' हे शब्द त्याच्या घरात वरणभातासारखे रोजचे. माझी मराठी पत्रकांवर पोसलेली, लढाऊ, स्वच्छ. तिचा मला फार अभिमान होता. आणि वकीलसाहेब मात्र त्याचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचे.

"ऐक, ओ क्रांतिकारी," ते मला म्हणत. "जनाबांचं वाक्य ऐक. पक्षकाराले एकदा वाचून दाखवलं की पुरे. नाहीतर तुझं एखादं पत्र. वाचलं की वाटते, आता घोषणा द्याव्या लागतात."

तो खाली मान घालून हसायचा. चिडवल्यासारखं हसला असता तर मला सोपं गेलं असतं. तो लाजून हसायचा. मला त्या लाजण्याचाही हेवा वाटे. आणखी एका गोष्टीचा वाटे, ती सांगायला आज लाज वाटते. प्रत्येक अनुवादाच्या शेवटी 'अनुवाद केला' असं लिहून खाली त्याचं नाव असे. तपासणारीचं नाव कुठेच नसे. तपासणारी मी होते.

त्या आठवड्यात अकोटच्या एका शिवणकाम करणाऱ्या मावशींचं खरेदीखत आलं. मावशींची गावठाणात जागा होती. रस्त्याच्या बाजूला त्यांचं शिवणाचं दुकान, मागे मोकळा तुकडा. तो मागचा तुकडा एका बाहेरगावच्या कंपनीला गोदामासाठी हवा होता. मागच्या गल्लीतून गाडी येत होती, म्हणून पुढच्या दुकानाशी कंपनीला देणंघेणं नव्हतं. मोजणी झाली होती, नकाशा तयार होता. कंपनीच्या वकिलांनी मसुदा इंग्रजीत पाठवला. मावशींनी सांगून टाकलं, "मले वाचता येते त्याच कागदावर मी सही करीन." कंपनीने मान्य केलं. म्हणजे हा अनुवाद नुसता समजण्यापुरता नव्हता. नोंदणी त्याचीच व्हायची होती.

अनुवाद त्याने केला. फाइलला वरच्या बाजूला टाचणीने एक कागद लावलेला होता. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याने ठरवलेला मराठी शब्द, छोट्या नेटक्या अक्षरात. मी तो कागद काढून टेबलाच्या खणात टाकला. त्याच्या यादीने त्याचंच काम तपासायचं? मला माझे डोळे होते.

पहिल्या तासात मला सापडलं. इंग्रजीत एकच शब्द होता, त्याच्यासाठी त्याने कलम तीनमध्ये 'मोबदला' लिहिलं होतं, कलम पाचमध्ये 'किंमत', आणि कलम नऊमध्ये 'खरेदीची रक्कम'. पुढे 'लिहून देणार', म्हणजे मावशी, मध्येच दोन ठिकाणी 'विक्रेत्या' झाल्या होत्या. मी खुर्चीत ताठ बसले. खरं सांगते, चोर पकडल्याचा आनंद झाला. लाल अक्षरात दुरुस्त्या केल्या, प्रत्येक दुरुस्ती इंग्रजीशी ताडून. तेवढं काम चोख होतं, आजही म्हणेन.

मग माझं पोट भरेना. दुपारच्या चहापर्यंत मी इंग्रजी पानं उलटी घालून ठेवली होती आणि नुसत्या मराठीतून शिकार करत होते. 'मूळ मिळकत' दिसली. खाली 'सदर मिळकत'. पुन्हा 'मूळ'. पुन्हा 'सदर'. एकाच जागेला दोन नावं! बाबा आठवले. मी संगणकाला सांगितलं, सगळीकडे 'मूळ मिळकत' काढ आणि 'सदर मिळकत' घाल. एका टिचकीत झालं. किती जागी बदललं तो आकडा पडद्यावर आला तेव्हा मला तो आकडा गुणपत्रिकेतल्यासारखा वाटला.

ऑफिसची रीत अशी होती की दुरुस्त केलेली प्रत परत अनुवादकाकडे जायची, त्याने एकेक दुरुस्ती बघून होकार द्यायचा, मगच छापायचं. त्या दिवशी तो मोजणीच्या नकाशाची प्रत आणायला अकोटला गेला होता. मी थांबले नाही. लाल रंग काढून टाकला, स्वच्छ प्रत छापली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी मावशींसमोर वाचन होतं. वाचताना एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही की साहेब विचारतील, कोणी तपासलं? असं माझं स्वप्न.

मावशी सकाळच्या एसटीने आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच, काढायची विसरलेली. पिशवीतून त्यांनी खाकी कागदाचं एक कटिंग काढलं. ब्लाउजचं कापतात तसं आपल्या जागेचं कापलेलं, मधे घडी. एका बाजूला खडूने 'पुढचा', दुसऱ्या बाजूला 'मागचा'.

"हे काय आणलं मावशी?" साहेब म्हणाले.

"माही जागा. तुमच्या नकाशात रेघाच रेघा हायेत. मले कापडाचं समजते. तुमी वाचा, मी बोट ठेवतो यावर."

साहेब वाचू लागले. तो खिडकीजवळ उभा होता, मी दाराशी. पहिल्या पानावर पक्षकारांची नावं. दुसऱ्या पानावर मावशींच्या मालकीच्या जागेचं वर्णन. पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस गल्ली, उत्तरेला एक शेजारी, दक्षिणेला दुसरा. मावशींचं बोट कागदाच्या चारी कडांवरून फिरलं. "बरोबर," त्या म्हणाल्या.

"यापुढे जिचा उल्लेख सदर मिळकत असा केला आहे," साहेबांनी वाचलं. पुढे गेले. "लिहून देणार यांनी सदर मिळकत लिहून घेणार यांना कायम खरेदी दिली असून सदर मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा..."

"थांबा."

साहेब थांबले.

"रस्ता तर माह्या दुकानासमोर हाय," मावशी म्हणाल्या. त्यांचं बोट 'पुढचा' या शब्दावर होतं. "आता तुमी मले रस्त्यापासून गल्लीपर्यंत जे सांगितलं, त्याले सदर म्हटलं. आन् सदर विकली म्हणता. मंग दुकान मी काहून विकून राहिली?"

"नाही मावशी, दुकान तुमच्याकडेच राहते, पुढे कलम आहे..." साहेबांनी पानं उलटली, ते कलम शोधलं आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. "सदर मिळकतीपैकी सदर मिळकत वगळून उरलेला भाग..."

त्या वाक्याला अर्थच उरला नव्हता. दुकान राखून ठेवणारं एकमेव कलम, आणि ते मी स्वतःच्या हाताने पोकळ केलं होतं.

"कापडाच्या दोनी तुकड्यांवर 'पुढचा'च लिहिलं," मावशी म्हणाल्या, "तर शिवणारा काय शिवीन? सतरा वर्साचं दुकान हाय भाऊ. त्याच्यावर माहं पोट हाय."

साहेबांनी शेवटचं पान काढलं. अनुवाद केला, आणि खाली त्याचं नाव. "काय जनाब," ते म्हणाले, आणि या वेळी त्यात थट्टा नव्हती. "हे काय करून ठेवलं? बाईंनी सही केली असती म्हणजे?"

तो पुढे आला, कलमाचं पान हातात घेतलं, दोन ओळी वाचल्या. हे आपलं नाही, हे त्याला तिथेच कळलं. मला त्याच्या खांद्यांवरून दिसलं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

त्या क्षणाबद्दल मी खूप दिवस कोणाला सांगितलं नाही. मी लगेच बोलले नाही. मला वाटलं, एकदा तरी याचं नाव चुकीखाली राहू दे. जे नाव शाबासकीला पुढे असतं ते आज बोलणी खायला पुढे असू दे. मावशींचं बोट अजून 'पुढचा'वर होतं, नखाला खडू लागलेला. अन्यायाविरुद्धच्या एवढ्या पत्रकांच्या मी घड्या घातल्या होत्या, आणि आता नुसतं गप्प राहून एक अन्याय करत होते.

"त्यांचं नाही ते," मी म्हणाले. "मी बदललं. इंग्रजी न बघता. त्यांना न दाखवता."

साहेब माझ्याकडे वळले. मावशीच आधी बोलल्या. "मंग आता बदल ना पोरी. बघून काय राहिली?"

मी खणातून त्याचा टाचणीवाला कागद आणला. इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते आणि त्याच्या यादीत पहिल्या दोन ओळी त्यांच्याच होत्या: संपूर्ण जागा, ती मूळ मिळकत; विकायचा मागचा तुकडा, ती सदर मिळकत. शेजारी त्याने लिहून ठेवलं होतं, 'हे दोन कुठेही मिसळू नयेत'. इथे बाबांचा नियम त्याने माझ्याहून नीट पाळला होता. एका गोष्टीला एक नाव, म्हणजे दोन गोष्टींना दोन.

आम्ही दोघांनी शेजारी बसून एकेक जागा इंग्रजीशी ताडली. तो इंग्रजी वाचे, मी मराठीवर बोट ठेवी. कलम नऊमध्येही 'मोबदला'च आला तेव्हा तो थांबला.

"इथं तीन शब्द झाले होते काय माझ्याकडून?"

"हो."

"शाळेत सर मार्क कापायचे, तोच शब्द पुन्हा आला की. सवय राहिली साली." तो हसला, तसाच लाजून. "हे चांगलं पकडलं तुम्ही."

मला ते आवडायला हवं होतं. मला वाटलं, चूक कबूल करतानाही याला इतकं सहज कसं जमतं?

दुपारी पुन्हा पहिल्यापासून वाचन झालं. 'मूळ' म्हटलं की मावशी अख्ख्या कागदावर तळवा ठेवत. 'सदर' म्हटलं की घडीच्या मागच्या भागावर बोट. ते कलम आलं: "मूळ मिळकतीपैकी सदर मिळकत वगळून उरलेला, पूर्वेकडील रस्त्यालगतचा दुकानाचा भाग लिहून देणार यांनी स्वतःकडे राखून ठेवला आहे." मावशींनी मागचा भाग घडीवर दुमडून आत घातला आणि 'पुढचा' तेवढा टेबलावर ठेवला. "हां," त्या म्हणाल्या. "आता माप बसलं."

निघताना त्यांनी त्याला सांगितलं, "भाऊ, सहीच्या दिवशी तू बस माह्याजवळ." मला काही सांगितलं नाही.

शेवटचं पान नव्याने छापताना साहेबांनी 'अनुवाद केला'खाली एक ओळ वाढवायला लावली: 'तपासणी केली'. तेव्हापासून प्रत्येक दस्तावर ती असते. "आता तुझंही नाव सापडेल," ते म्हणाले. किती दिवस ज्या जागेकडे मी डोळे लावून होते ती जागा मला मिळाली, ती अशी. त्याने आधी सही केली, आजोबांच्या वळणाची, एका झोकात. मग पेन माझ्याकडे दिलं. त्याच्या सहीखाली माझी सही पत्रकावरच्या मथळ्यासारखी मोठी आणि वाकडी आली.